पेस्ट केलेल्या मोडक्या मजकुरातून खरा प्रश्न कसा शोधायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माहिती अधिकाराचे अर्ज आणि अपिलं लिहून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. त्याआधी डीटीपी करायचो, त्यामुळे फुटलेली अक्षरं बघून घाबरायला होत नाही. लोक कार्यालयाकडून आलेलं पत्र जसंच्या तसं कॉपी करतात, ई-मेलमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट करतात आणि आपला प्रश्न त्यातच कुठेतरी टाकून देतात. माझ्यासारखं काम करणारे बरेच जण तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून इथे उत्तरं एकत्र लिहिली आहेत.

असा मजकूर म्हणजे नेमका कसा? एखादा नमुना दाखवाल?

एका काकांच्या पुतण्यानं गेल्या वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे २०२५ साली, हा मजकूर ई-मेलनं पाठवला होता. ओळखीच्या खुणा काढल्या आहेत, बाकी सगळं आलं तसंच आहे.

```
21/02/25, 9:14 pm - काका: हे बघा
नगरपिरषद कायार्लय
जा.क्र./मा.अ./        पृष्ठ 1
िवषय : मािहतीचा अिधकार अिध
िनयम 2005 नुसार मािहती िमळणेबाबत
संदभर् : आपला िद. 6/1/2025 चा अजर्
पत्र ३ तारखेला निघालं पण हातात १९ला आलं मग दिवस कुठून धरायचे
उपरोक्त िवषयास अनुसरून कळिवण्यात येते की मािहती
िवस्तृत स्वरूपाची असल्याने देता येत नाही
िद. 3/2/2025
जन मािहती अिधकारी      पृष्ठ 1
21/02/25, 9:16 pm - काका: This message was deleted
```

खाली पुतण्याची एकच ओळ होती: "सर, काकांचं जरा बघता का?"

यात प्रश्न कुठला? विषयाची ओळ तर स्पष्ट दिसते आहे.

विषयाच्या ओळीत कार्यालयाचा विषय असतो, माणसाचा प्रश्न नाही. मी इथेच फसलो होतो. "माहिती मिळणेबाबत" वाचलं, खाली "देता येत नाही" वाचलं, आणि नकार बेकायदा कसा आहे यावर पान-दीड पान लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. "अहो, नकार चुकीचा आहे हे मलाही कळतं. मी तारखेचं विचारलं होतं."

त्यांनी खरंच विचारलं होतं. सातवी ओळ बघा. पत्र त्यांनी दोन तुकड्यांत कॉपी केलं होतं आणि मधल्या जागेत स्वतःचा प्रश्न टाइप केला होता. प्रश्नचिन्ह नाही, वेगळा परिच्छेद नाही, "माझा प्रश्न असा की" वगैरे काही नाही. पण ती ओळ त्यांची आहे याचा भक्कम पुरावा त्याच ओळीत होता, आणि मला तो दिसला नव्हता.

कोणता पुरावा?

वेलांटी. पत्राच्या सगळ्या ओळींत पहिली वेलांटी जागा सोडून पुढे आली आहे: "िवषय", "मािहती", "िद." सातव्या ओळीत मात्र "निघालं" आणि "दिवस" अगदी ठीक आहेत. पीडीएफमधून आलेला मजकूर मोडतो, फोनच्या कीबोर्डवर टाइप केलेला मोडत नाही. म्हणून सगळं फुटलेलं असताना जी ओळ धड आहे ती बहुधा पाठवणाऱ्याची स्वतःची असते, आणि प्रश्नही बहुधा तिथेच असतो.

अंकांचीही साक्ष मिळते. कार्यालयाच्या पत्रात 3/2/2025 असे इंग्रजी अंक आहेत, काकांनी ३ आणि १९ असे मराठी लिहिलेत. भाषा बघा: पत्रात "कळविण्यात येते", काकांच्या ओळीत "निघालं", "धरायचे". कोण बोलतंय हे या तिन्ही खुणा एकत्र जमल्या की पक्कं होतं. एकट्या अंकांवर मात्र विसंबू नका, कारण पुष्कळ कार्यालयांची पत्रं मराठी अंकांतही असतात.

वेलांटी पुढे जाते ती का? फॉन्टचा दोष आहे का?

फॉन्टचा दोष नसतो. युनिकोडमध्ये "वि" साठवताना आधी व आणि मग वेलांटी येते, म्हणजे आपण उच्चारतो त्या क्रमानं. कागदावर मात्र वेलांटी डावीकडे दिसते. पीडीएफ हा मुळात छपाईचा नकाशा असतो: कोणतं चित्र पानावर कुठे ठेवायचं एवढंच तो सांगतो. कॉपी करताना वाचणारा प्रोग्राम ती चित्रं डावीकडून उजवीकडे गोळा करत जातो, त्याला आधी वेलांटी सापडते आणि मग व. झाला "िव".

रफाराचं याच्या उलट होतं. "अर्ज" मध्ये र् आधी साठवला जातो, पण तो दिसतो ज च्या डोक्यावर, उजव्या अंगाला. त्यामुळे गोळा होताना तो ज च्या नंतर येतो आणि "अजर्" तयार होतं. "संदर्भ"चं "संदभर्" होतं ते याच कारणानं. "कार्यालय"चं "कायार्लय" होतं आणि हे रूप सरकारी पीडीएफमध्ये इतकं नेहमी दिसतं की मला आता ते सही-शिक्क्यासारखं वाटतं: हा शब्द दिसला की मजकूर पीडीएफमधून आला आहे हे समजा.

सगळ्याच पीडीएफ असं करत नाहीत. काहींमध्ये चित्रांसोबत मूळ अक्षरांचा क्रमही नोंदवलेला असतो, त्या नीट कॉपी होतात. आणि स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये अक्षरंच नसतात, नुसता फोटो असतो.

मग शोधा-आणि-बदला वापरून एका फटक्यात सरळ करता येईल?

करता येईल, पण एका फटक्यात करू नका. लिबरऑफिस रायटरच्या शोधा-बदला खिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशनची खूण करून हे वापरता येतं:

```
शोधा:  ि([क-ह](?:्[क-ह])*)
बदला:  $1ि
```

म्हणजे वेलांटी उचलायची आणि तिच्या पुढच्या अख्ख्या जोडाक्षरानंतर ठेवायची. "िवषय"चं "विषय" होतं, "िस्थती"चं "स्थिती" होतं. पण हेच संपूर्ण मजकुरावर चालवलं तर काकांच्या ओळीतलं "निघालं" फुटून "नघिालं" होईल. जी एक ओळ धड होती, ज्यात प्रश्न होता, तीच आपण स्वतःच्या हातानं मोडली असं होईल. मी हे एकदा केलेलं आहे, आणि नंतर प्रश्न शोधत बसलो.

म्हणून ओळ-ओळ बघून ठरवायचं. शब्दाच्या सुरुवातीला, काना-मात्रेनंतर किंवा अ-आ सारख्या स्वरानंतर वेलांटी आली असेल, तर ती नक्की चुकीच्या जागी आहे. मराठीत तिथे ती येऊच शकत नाही. अशी एक जरी वेलांटी सापडली तरी ती ओळ फुटलेली समजा आणि त्या ओळीवर बदल चालवा. व्यंजनानंतरच्या वेलांटीवरून एकट्यानं काही ठरत नाही: "कळिवण्यात" हे तांत्रिकदृष्ट्या वैध लिखाण आहे, फक्त शब्द चुकीचा आहे. ओळीतले इतर शब्द बघितले की ते आपोआप सुटतं.

बदल करण्याआधी मोडलेल्या ओळी जोडून घ्या. नमुन्यात "अिध" एका ओळीत आणि "िनयम" पुढच्या ओळीत आहे. आधी जोडलं की "अिधिनयम", आणि मग बदल चालवल्यावर "अधिनियम".

रफाराला मात्र सरसकट नियम लावू नका. शब्दाच्या शेवटी "र्" लोंबत असेल तर चूक उघड आहे, कारण मराठी शब्द असा संपत नाही. पण "कायार्लय"मध्ये र् ल ला चिकटून बसला आहे, आणि "र्ल" हे जोडाक्षर दुसऱ्या शब्दांत अगदी बरोबर असतं. तिथे डोळ्यांनीच बघावं लागतं.

आम्हाला आलेल्या मजकुरात मराठी अक्षरच नाही, सगळं `ejkBh` असं दिसतं.

हा जुन्या फॉन्टचा मजकूर आहे. `ejkBh` म्हणजे कृतिदेव फॉन्टमधलं "मराठी": e च्या जागी म चं चित्र, j च्या जागी र, k च्या जागी काना, B च्या जागी ठ, h च्या जागी दुसरी वेलांटी. संगणकाच्या लेखी ही इंग्रजी अक्षरंच आहेत, फॉन्टनं फक्त चेहरा बदलला होता. पेस्ट करताना फॉन्ट गळून पडला आणि खालची अक्षरं उघडी पडली.

बातमी चांगली आहे: यात काहीच हरवलेलं नसतं. योग्य कन्व्हर्टरमधून घातलं की जवळजवळ सगळं परत येतं. फक्त कोणता फॉन्ट होता हे कळायला हवं, कारण श्रीलिपीची मांडणी वेगळी आणि कृतिदेवची वेगळी. पाठवणाऱ्याला विचारा, "वर्डमध्ये उघडल्यावर वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव काय दिसतं?"

धोका आहे तो मधल्या अस्सल इंग्रजीचा. मजकुरात खरोखरच `RTI` असं लिहिलेलं असेल, तर कन्व्हर्टर त्यालाही कृतिदेव समजतो आणि तुमच्या हाती "त्ज्प्" येतं. ई-मेलचे पत्ते, संकेतस्थळं, व्हॉट्सअ‍ॅपची `pm` वगैरे वेळ, सगळ्याचं असंच होतं. म्हणून आधी इंग्रजीत अर्थ लागणारे तुकडे बाजूला काढून ठेवा आणि मग रूपांतर करा. आणि यातही जी ओळ मुळातच मराठीत दिसते आहे ती आधी वाचा. ती ज्यानं पाठवली त्याची असते.

`à¤` असलं काहीतरी सगळीकडे दिसतं. हेही परत येतं का?

पुष्कळसं येतं, पूर्ण नाही. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल नुसती डबल-क्लिक करून उघडली की हे नेहमी होतं. "मराठी" असं दिसायला लागतं:

```
à¤®à¤°à¤¾à¤ à¥€
```

देवनागरीचं प्रत्येक अक्षर साठवायला तीन बाइट लागतात. वाचणारा प्रोग्राम विंडोजचा जुना अक्षर-तक्ता वापरून त्यांना तीन स्वतंत्र युरोपीय अक्षरं समजतो. पहिला बाइट नेहमी à, दुसरा ¤ किंवा ¥, आणि तिसरा बदलता.

आता वरच्या नमुन्यात ठ शोधा. à¤ नंतर नुसती मोकळी जागा आहे. ठ चा तिसरा बाइट त्या जुन्या तक्त्यात न तुटणाऱ्या मोकळ्या जागेवर पडतो. एका ठिकाणाहून दुसरीकडे पेस्ट करताना तिची साधी मोकळी जागा होते, आणि ठ गेला. पाय मोडण्याची खूण आणि पहिला उकार यांची अवस्था त्याहून वाईट: त्यांचा तिसरा बाइट विंडोजच्या जुन्या तक्त्यातल्या रिकाम्या घरात पडतो, तो दिसतही नाही आणि बऱ्याचदा वाटेत गळतो. झ आणि ए यांचंही तेच. म्हणजे "मुदत"मधला उकार जातो आणि सगळी जोडाक्षरं सुटतात.

अशा वेळी पेस्ट केलेल्या मजकुराशी झटापट करू नये. मूळ फाइल मागवा. फाइलमध्ये बाइट शाबूत असतात, फक्त ती उघडताना यूटीएफ-८ निवडायचं.

आणि नुसती प्रश्नचिन्हं किंवा चौकोन असतील तर?

चौकोन असतील तर मजकूर ठीक आहे, तुमच्या यंत्रात फॉन्ट नाही. दुसऱ्या फोनवर उघडा. ????? असेल तर अक्षरं साठवतानाच गेली. ती परत येत नाहीत. पुन्हा पाठवायला सांगा.

अदृश्य चिन्हं काढून टाकणारी साधनं वापरावीत का?

मराठीसाठी फार जपून. वेबपानांवरून येणारी काही अदृश्य चिन्हं खरोखर कचरा असतात, शोध लागू देत नाहीत. पण शून्य रुंदीचा जोडक, U+200D, हा मराठीत कामाचा माणूस आहे. "आचार्‍यास" मधला आडवा र पुष्कळ कीबोर्ड याच चिन्हाच्या आधारानं लिहितात. ते पुसलं की उरतं "आचार्यास". स्वयंपाक्याला द्यायचे पैसे गुरुजींना गेले! "करणार्‍या", "दर्‍या", सगळ्यांची तीच गत. ज्यांनी ऱ हे वेगळं अक्षर वापरून लिहिलं आहे त्यांचा मजकूर वाचतो, पण कोणी कसं लिहिलंय हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शून्य रुंदीची मोकळी जागा, U+200B, खुशाल काढा, U+200D ला हात लावू नका.

तुकडे आधी साफ करून मग वाचायचं की आधी वाचायचं?

आधी वाचायचं. मजकूर आला की त्याची एक प्रत जशीच्या तशी ठेवा आणि पृष्ठ क्रमांक, वेळा, परत परत येणारे मथळे यांनाही लगेच कात्री लावू नका. काकांच्या मजकुरात 9:14 pm ही वेळ मला कचरा वाटली होती. ती तारखेसकट नीट वाचली असती तर कळलं असतं की प्रश्न २१ फेब्रुवारीला विचारला गेला आहे, आणि पत्र ३ फेब्रुवारीचं आहे. म्हणजे अठरा दिवस आधीच गेले आहेत. मुदतीच्या प्रश्नात ही गोष्ट पहिली बघायची.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर काय होतं?

माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ७(१) प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. कलम १९(१) प्रमाणे पहिलं अपील ३० दिवसांत करायचं. निर्णय मिळाला असेल तर तो हातात पडल्यापासून दिवस धरायचे, मुदतीत निर्णयच मिळाला नसेल तर ती मुदत संपल्यापासून.

काकांनी ६ जानेवारीला अर्ज हातोहात दिला होता. त्याचे ३० दिवस ५ फेब्रुवारीला भरले. पत्रावर तारीख ३ फेब्रुवारीची, पण पत्र हातात आलं १९ ला. आता मोजा. हातात पडल्यापासून धरलं तर अपिलाची शेवटची तारीख २१ मार्च. "५ फेब्रुवारीपर्यंत उत्तर आलंच नाही, म्हणून तो नकारच धरायचा" असं कोणी म्हटलं तर ७ मार्च. आणि एखाद्या कारकुनानं पत्रावरच्या तारखेपासून मोजायचा हट्ट धरला तर ५ मार्च. माझ्या मते काकांचा हक्क २१ मार्चपर्यंतचा होता. पण वाद घालण्यापेक्षा अपील दाखल करणं सोपं असतं, म्हणून मी म्हटलं, "काका, ५ मार्चच्या आत टाका." महाराष्ट्रात त्यासाठी जोडपत्र 'ब' आणि २० रुपयांचं शुल्क लागतं. पुरेसं कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार अपिली अधिकाऱ्याला आहे, पण त्याच्या भरवशावर कशाला राहायचं?

पेस्ट केलेल्या मजकुरातून हे सगळं कळलं असतं?

नाही. १९ ही तारीख पत्रात नव्हतीच, असणारही नव्हती. ती काकांच्या एका ओळीत होती आणि तिचा पुरावा पाकिटावर. कॉपी-पेस्टमध्ये अक्षरं येतात. शिक्के, हातानं लिहिलेले जावक क्रमांक, सह्या, समासातले शेरे येत नाहीत. नमुन्यात "जा.क्र./मा.अ./" पुढे मोकळी जागा आहे ती उगाच नाही. क्रमांक पेननं लिहिला जातो, आणि काकांच्या पुतण्यानं कार्यालयातून ई-मेलवर मागवलेल्या प्रतीत तो भरलेलाच नव्हता.

मग पाठवणाऱ्यांना काय सांगता?

एवढंच की पहिल्या ओळीत स्वतःच्या शब्दांत प्रश्न लिहा, शुद्धलेखनाची चिंता करू नका, आणि पत्र पेस्ट करण्याऐवजी त्याचा फोटो पाठवा. पुढून, मागून, आणि पाकिटाचाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर शिक्का वाचता येतो, साधा पाठवला तर आकार कमी होऊन पुसट होतो.

शेवटची ती `This message was deleted` ओळ तरी कचरा होती ना?

मलाही तसंच वाटलं होतं. फोनवर सहज विचारलं, "काका, शेवटी काहीतरी टाकून काढून टाकलंत, ते काय होतं?" म्हणाले, "पाकिटाचा फोटो हो. नीट आला नव्हता, म्हणून काढला." परत काढायला लावला. पाकिटावर टपालात पडल्याचा शिक्का होता १४ फेब्रुवारीचा. म्हणजे ३ तारखेचं पत्र ३ तारखेला निघालंच नव्हतं. मुदत उलटून नऊ दिवस झाल्यावर ते पोस्टात पडलं होतं, आणि अशा उशिरानंतर द्यायची माहिती कलम ७(६) प्रमाणे फुकट द्यावी लागते. अपिलात तो मुद्दा पहिला घातला आणि पाकिटाची झेरॉक्स सोबत जोडली.